अठरा तासांच्या मुलाखती आणि प्लॅनमधली मिनिटं

मुलाखत घेणं सोपं, ती उतरवून काढणं कठीण, हे पत्रकार आणि संशोधक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. सराईत माणसालाही तासाभराचं बोलणं कागदावर आणायला चार-पाच तास सहज लागतात. त्यामुळे बोलण्याचं आपोआप शब्दांकन करणाऱ्या सेवा आल्यावर अनेकांनी त्यांच्याकडे धाव घेतली. मोफत, प्रो, बिझनेस, अनलिमिटेड अशा पाट्या लावून या सेवा उभ्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर सर्वांत ठळक असतो तो महिन्याच्या मिनिटांचा आकडा. ग्राहक तोच पाहतो. गाडं अडतं ते मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने लालबाग-परळमधल्या निवृत्त गिरणी कामगारांच्या बारा मुलाखती घेतल्या आहेत. विषय अर्थातच जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेला संप आणि त्याआधीचं गिरणगाव. सर्वांत छोटी मुलाखत 40 मिनिटांची, सर्वांत मोठी 130 मिनिटांची. चार मुलाखती दीड तासाच्या वर गेलेल्या. बाराही मिळून 1080 मिनिटं, म्हणजे अठरा तास. मोबाइलवर आणि छोट्या रेकॉर्डरवर झालेलं ध्वनिमुद्रण, मागे पंखा, अधूनमधून घरातल्या कुणाचा तरी आवाज.

आता हे अठरा तास ऑटर या सेवेच्या दरपत्रकाशेजारी ठेवून पाहू. बैठकांचं शब्दांकन करणारी ही अमेरिकी सेवा चांगलीच लोकप्रिय आहे. तिच्या मोफत प्लॅनमध्ये महिन्याला 300 मिनिटं मिळतात, प्रोमध्ये 1200. काम 1080 मिनिटांचं, तेव्हा प्रो एका महिन्यासाठी घेतला की झालं, असं कुणालाही वाटेल. पण त्याच तक्त्यात खाली आणखी दोन ओळी असतात. प्रोमध्ये एका संभाषणाची मर्यादा 90 मिनिटांची आहे, म्हणजे चार मुलाखतींचा शेवट बाहेर राहणार. आधी झालेलं रेकॉर्डिंग महिन्याला दहाच फायलींपर्यंत चढवता येतं, म्हणजे बारापैकी दोन फायली पुढच्या महिन्यात गेल्या. मोफत प्लॅनची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे एका संभाषणाला 30 मिनिटं आणि बाहेरून आणलेल्या फायली तीन, त्याही महिन्याला नव्हे, खातं उघडल्यापासून एकूण. म्हणजे हाती तयार रेकॉर्डिंग असलेल्या माणसासाठी 300 मिनिटांच्या पाटीचा खरा अर्थ 90 मिनिटं, तोही एकदाच. उरलेली मिनिटं त्या सेवेतच प्रत्यक्ष रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या कामाची.

आणि हे सगळं गणित जमवलं तरी एक दार बंदच राहतं. ऑटरच्या भाषा मोजक्या आहेत आणि त्यांत मराठी नाही. प्लॅन वाचताना पहिला प्रश्न भाषेचा असावा तो याचसाठी. वरचा प्लॅन घेतल्याने मिनिटं वाढतात, फायली वाढतात. भाषा वाढत नाही.

मिनिटांच्या हिशोबात आणखी काही बारकावे आहेत. मिनिटं मोजली जातात ती ध्वनिफितीची. त्यांत शांतता, खोकला, चहाचा मध्यंतर सगळं आलं. महिनाअखेरीस उरलेली मिनिटं सहसा पुढच्या महिन्यात जात नाहीत. निकाल वाईट आला म्हणून तीच फाइल पुन्हा चढवली की मिनिटं पुन्हा खर्च होतात. ध्वनिफितीतल्या प्रत्येक चॅनलचं वेगळं शब्दांकन करून घेतलं, तर गूगलची क्लाउड सेवा प्रत्येक चॅनलचे पैसे स्वतंत्र लावते. दोन माइकची तासाभराची मुलाखत तिथे दोन तासांची होते. शिवाय पाटीवरचे आकडे कायमचे नसतात. ऑटरनेच 2022 मध्ये प्रो प्लॅनची मासिक मिनिटं 6000 वरून 1200 वर आणली होती. त्यामुळे दरपत्रक ज्या दिवशी पैसे भरायचे त्याच दिवशी पुन्हा वाचलेलं बरं.

फाइलच्या लांबीची मर्यादा सर्वांत कमी वाचली जाते आणि सर्वांत जास्त छळते. ती दोन प्रकारे सांगितली जाते. काही सेवा मिनिटांत सांगतात, काही मेगाबाइटमध्ये. ॲमेझॉनची ट्रान्स्क्राइब सेवा एका फाइलला चार तास आणि 2 जीबी अशा दोन्ही अटी घालते. ओपनएआयच्या शब्दांकन एपीआयला एका वेळी 25 एमबीपर्यंतचीच फाइल चालते. आता 25 एमबी म्हणजे किती मिनिटं? ते रेकॉर्डिंगवर अवलंबून. रेकॉर्डरमधून निघालेली स्टीरिओ डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी खाते, म्हणजे अडीच मिनिटांतच मर्यादा संपली. तीच 128 केबीपीएसची एमपीथ्री केली तर सुमारे 26 मिनिटं मावतात. एकाच चॅनलची आणि 32 केबीपीएसची केली तर जवळपास पावणेदोन तास.

गाण्याची फाइल इतकी आवळली तर कान किटतील. बोलण्याचं तसं नाही. या सेवांच्या मुळाशी असलेल्या व्हिस्परसारख्या प्रणाली मिळालेला आवाज आधी 16 किलोहर्ट्‌झवर उतरवतात आणि मगच ऐकतात; त्याहून जास्त दिलेलं बाजूलाच पडतं. म्हणून फाइल चढवण्याआधी ffmpeg या मोफत साधनाने ती लहान करून घ्यावी:

```
ffmpeg -i mulakhat.wav -ac 1 -ar 16000 -b:a 32k mulakhat.mp3
```

यात `-ac 1` म्हणजे सगळे चॅनल एकत्र करून एकच ठेवणं. मुलाखत घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा माइक वेगवेगळ्या चॅनलवर असेल, तर मात्र हा भाग गाळायचा. ती फारकत पुढे सोन्याच्या मोलाची ठरते.

आवळूनही 130 मिनिटांची मुलाखत 25 एमबीत मावत नाही. मग तुकडे करणं आलं. मोफत प्लॅनमध्येही तेच. टर्बोस्क्राइब ही सेवा मोफत खात्याला दिवसाला तीन फायली देते, प्रत्येकी 30 मिनिटांपर्यंत. आपल्या बारा मुलाखतींचे असे तुकडे केले तर 39 होतात. छत्तीस नव्हे, कारण 40 मिनिटांच्या मुलाखतीचाही दहा मिनिटांचा वेगळा तुकडा उरतोच. रोज तीन या दराने तेरा दिवस. वेळ असेल तर हे फुकटात होणारं काम आहे, आणि छोट्या संस्थांनी ते अवश्य करावं. अडचण वेळेपेक्षा वेगळीच आहे.

तुकडा कुठेही पडला की दोन गोष्टी बिघडतात. एक तर शब्द मध्येच कापला जातो. यंत्र अर्धवट शब्दाला ओळखीच्या कुठल्यातरी शब्दाचं रूप देतं, आणि त्या चुकीच्या आधारावर पुढचं वाक्य लावतं. यावर उपाय सोपा आहे. पुढचा तुकडा दहा-पंधरा सेकंद आधीपासून सुरू करायचा आणि जुळवताना दुहेरी आलेला मजकूर काढून टाकायचा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कोण बोललं याची नोंद विस्कटते.

वक्ता ओळखण्याची सोय, इंग्रजी पाटीवरची ‘स्पीकर लेबल्स’, काम कशी करते हे समजलं की ही अडचण लगेच उमगते. शब्द ओळखणं आणि माणूस ओळखणं ही दोन निराळी कामं आहेत. व्हिस्पर स्वतः वक्ते ओळखतच नाही. सेवा चालवणाऱ्यांना त्यासाठी वेगळी प्रणाली जोडावी लागते. ती प्रणाली ध्वनिफितीचे एक-दोन सेकंदांचे तुकडे घेते, प्रत्येक तुकड्यातल्या आवाजाची ठेवण आकड्यांत मांडते आणि सारख्या ठेवणीचे तुकडे एकत्र करते. एका ढिगाला ‘वक्ता 1’ म्हणते, दुसऱ्याला ‘वक्ता 2’. नावं तिला ठाऊक नसतात. ती माणसाने घालायची.

म्हणजे हे आकडे त्या एका फाइलपुरतेच खरे. पहिल्या तुकड्यात मुलाखत घेणारी प्राध्यापिका ‘वक्ता 1’ असेल, तर दुसऱ्या तुकड्यात आधी बोलणारे आजोबा ‘वक्ता 1’ होतात. 130 मिनिटांच्या मुलाखतीचे पाच तुकडे केले, तर पाच वेळा ही जुळणी हाताने करावी लागते. मौखिक इतिहासात ही चूक भयंकर ठरू शकते. ‘युनियनने फसवलं असं वाटतं का?’ हा प्रश्न कामगाराच्या तोंडी गेला आणि प्रश्नचिन्ह गळालं, तर त्याने जे म्हटलंच नाही ते त्याच्या नावावर कायमचं लागतं. म्हणून एकाहून जास्त माणसांच्या लांब रेकॉर्डिंगसाठी फाइलची मर्यादा मिनिटांच्या आकड्यापेक्षा आधी बघावी. टर्बोस्क्राइबच्या पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये एक फाइल दहा तासांपर्यंत चालते. आपल्या उदाहरणापुरता त्या प्लॅनचा खरा फायदा हाच: एकही मुलाखत कापावी लागत नाही.

वक्ते ओळखण्याचे पैसे कधी प्लॅनमध्येच असतात, कधी वेगळे. भारतीय भाषांवर काम करणाऱ्या बंगळुरूच्या सर्वम कंपनीचा एपीआय यात सरळ हिशोब मांडतो: साधं शब्दांकन तासाला 30 रुपये, वक्त्यांच्या नोंदीसह 45 रुपये. अठरा तासांचे अनुक्रमे 540 आणि 810 रुपये. मराठीसाठी हा दर स्वस्तच म्हणायचा. अट एवढीच की हा एपीआय आहे. लगेच उत्तर देणारी पद्धत 30 सेकंदांपर्यंतच्या आवाजासाठी आहे आणि लांब मुलाखतींसाठी बॅच पद्धत वापरावी लागते. महाविद्यालयातल्या संगणक विभागाचा एखादा विद्यार्थी मदतीला असेल तर हे दोन संध्याकाळचं काम.

पैसे भरूनही वक्त्यांच्या नोंदी कुठे चुकतात, हे ठरलेलं आहे. ‘हं’, ‘हो ना’, ‘मग?’ असे तुटक उद्गार इतके छोटे असतात की आवाजाची ठेवण त्यांतून कळत नाही. ते जवळच्या वक्त्याच्या खात्यात जातात. दोघं एकदम बोलले की एकाचं बोलणं गायब होतं. एकाच वयाच्या दोन भावांचे आवाज एकत्र मिसळतात. उलट, माणूस हसून किंवा गदगदून बोलू लागला की यंत्राला तो तिसराच कुणी वाटतो. दोघांच्या मुलाखतीत ‘वक्ता 4’ दिसला की समजावं, घोळ झाला आहे. काही सेवांत वक्ते किती हे आधी सांगायची सोय असते. ‘आपोआप’ हा पर्याय तसाच न ठेवता तिथे 2 लिहिलं तर निकाल लक्षणीय सुधारतो. ऑनलाइन मुलाखत असेल तर त्याहून चांगला मार्ग आहे. झूममध्ये संगणकावर रेकॉर्डिंग करताना प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी फाइल ठेवण्याची सोय असते. मग ओळखायचं काही उरतच नाही. मिनिटं मात्र दुप्पट लागतात, आणि प्लॅन निवडताना ती धरायला हवीत.

राहिली अचूकता. प्लॅनच्या तक्त्यात याच शब्दाने ग्राहक सर्वांत जास्त चकतो. मिनिटांवर चालणाऱ्या बैठकींच्या सेवांत मोफत आणि प्रो या दोन्ही पायऱ्यांवर ऐकणारं यंत्र बहुधा एकच असतं. पैसे भरल्याने मिनिटं आणि सोयी वाढतात, कान तीक्ष्ण होत नाहीत. खरा फरक पडतो तो यंत्राचा आकार बदलला तर, किंवा यंत्राच्या जागी माणूस आला तर. टर्बोस्क्राइबमध्ये चित्ता, डॉल्फिन आणि व्हेल असे तीन पर्याय दिसतात. चित्ता सर्वांत वेगवान, व्हेल सर्वांत सावकाश आणि सर्वांत अचूक. ही सेवा व्हिस्परवर चालते. ओपनएआयने सप्टेंबर 2022 मध्ये व्हिस्पर खुलं केलं, ते tiny पासून large पर्यंत पाच आकारांत. सर्वांत लहान आकारात 3.9 कोटी पॅरामीटर, सर्वांत मोठ्यात 155 कोटी.

इंग्रजी बोलणं स्वच्छ असेल तर लहान आणि मोठ्या आकारात फार फरक जाणवत नाही. मराठीत तो जमीन-अस्मानाचा असतो, आणि त्याचं कारण व्हिस्परच्या शाळेत आहे. त्याला एकूण 6,80,000 तासांचं बोलणं ऐकवलं गेलं. त्यातले सुमारे 4,38,000 तास इंग्रजी. मूळ शोधनिबंधातल्या तक्त्यात हिंदी शब्दांकनाचे तास आहेत 12, आणि मराठीचे एक तासाहूनही कमी. मराठीतून इंग्रजी अनुवादाचे तास निराळे मिळाले, म्हणून त्याला मराठी कळते तरी. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर लहान आकाराचं यंत्र मराठी ऐकून ओळखीच्या हिंदीकडे घसरतं. भाषा ‘आपोआप ओळखा’वर ठेवली तर ‘आहे’च्या जागी ‘है’ येऊ लागतं. मराठीसाठी म्हणून दोन गोष्टी पक्क्या धराव्यात: भाषा स्वतः निवडायची आणि आकार सर्वांत मोठा घ्यायचा. वेळ वाचवायला चित्ता निवडणं इंग्रजी व्याख्यानाला चालेल, गिरणी कामगाराच्या मराठीला नाही.

मग 90 टक्के, 95 टक्के, 99 टक्के हे आकडे काय सांगतात? माणूस मिनिटाला 130 शब्द बोलतो असं धरलं तर तासाला 7800 शब्द होतात. 99 टक्के अचूकता म्हणजे तासाला 78 चुका, 95 टक्के म्हणजे 390, आणि 90 टक्के म्हणजे 780, मिनिटाला तेरा. अमेरिकेतली रेव्ह ही सेवा माणसांकडून करून घेतलेल्या इंग्रजी शब्दांकनाला 99 टक्क्यांची हमी देते आणि त्यासाठी यंत्राच्या कितीतरी पट दर लावते, मिनिटाला जवळपास दोन डॉलर. ती किंमत या 78 आणि 780 मधल्या अंतराची आहे.

या मोजणीला चुकीचं वजन कळत नाही. ‘त्याच्याबरोबर’ऐवजी ‘त्याच्या बरोबर’ असं तोडून लिहिलं तर चूक मोजली जाते, आणि ‘आम्ही संप मागे घेतला नाही’मधला ‘नाही’ गळाला तरी चूक एकच. पहिली कुणाच्या लक्षातही येत नाही, दुसरी इतिहास उलटा करते. त्यात गिरणीतली बोली. ‘जॉबर’ म्हणजे खात्यातला मुकादम, ‘साचेखातं’ म्हणजे मागांचा विभाग. यंत्राच्या कानावर हे शब्द फारसे पडलेलेच नसतात. ‘जॉबर’चा ‘जबर’ झाला तर वाक्य व्याकरणात बसतंही आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही. काही सेवा अशा शब्दांची यादी आधी देऊ देतात. ती सोय आपल्या प्लॅनमध्ये आहे का, ते पाहावं. बारा मुलाखतींत वीस-पंचवीस शब्दच वारंवार येतात, आणि तेवढ्यांची यादी पुरते.

सर्वांत धोकादायक चूक वेगळीच. यंत्र कधी कधी कुणीच न बोललेलं लिहितं. कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलिसन कोएनेके आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये व्हिस्परचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या ध्वनितुकड्यांपैकी सुमारे एक टक्क्यात यंत्राने आख्खी वाक्यं किंवा वाक्यांश मनाने रचले होते, आणि ज्यांच्या बोलण्यात लांब विराम होते त्यांच्या बाबतीत हे जास्त घडलं. म्हातारी माणसं आठवताना थांबतात. मुलाखतीतल्या या शांतताच धोक्याच्या जागा. ओळखायचं कसं? शब्दांकन वेळेच्या नोंदीसह घ्यायचं. रेकॉर्डिंगमध्ये वीस सेकंदांची शांतता असताना तिथे मजकूर दिसला, किंवा एकच वाक्य तीन-चारदा लागोपाठ आलं, की ती जागा कानाने ऐकायचीच.

आता विभागाने पैसे भरण्याआधी काय करावं? सर्वांत अवघड मुलाखत निवडावी. त्यातली मधली पाच मिनिटं, जिथे पंखाही आहे आणि दोघं बोलतातही, एका माणसाने नीट ऐकून हाताने उतरवावीत. तोच तुकडा दोन-तीन सेवांच्या मोफत खात्यात घालून चुका मोजाव्यात: चुकलेले, गळलेले आणि जादा आलेले शब्द एकत्र. पाच मिनिटांत सुमारे 650 शब्द. चुका 65 च्या आत असतील तर दुरुस्ती शक्य आहे. त्या दीडशे-दोनशेवर गेल्या, तर यंत्राचा मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा पहिल्यापासून उतरवलेलं लवकर होतं. मग त्या सेवेचा कितीही मोठा प्लॅन घेऊन उपयोग नाही.

चाचणीत टर्बोस्क्राइबचा व्हेल आणि सर्वमचा एपीआय दोन्ही टिकले असं धरू. संगणक जाणणारा विद्यार्थी असेल तर 810 रुपयांत वक्त्यांच्या नोंदींसह काम होतं. नसेल तर टर्बोस्क्राइबचा अनलिमिटेड प्लॅन, आणि तिथे शेवटची एक ओळ वाचायची राहते. जाहिरातीत दिसतो तो महिना 10 डॉलरचा दर वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला आहे, म्हणजे 120 डॉलर. महिन्यापुरता घेतला तर 20 डॉलर पडतात. बारा मुलाखती, एकही दहा तासांच्या वर नाही, सगळ्या एका आठवड्यात चढवून होतील. तेव्हा 20 डॉलरचा एकच महिना घ्यावा, प्रत्येक मुलाखत वेळेच्या नोंदींसह वर्ड आणि एसआरटी या दोन्ही रूपांत उतरवून आपल्या डिस्कवर ठेवावी, आणि महिना संपायच्या आत आपोआप नूतनीकरण बंद करावं.